पीपीओचं उत्तर द्यायच्या आधी

प्रिय सायली,

काल फोनवर म्हणालीस ना, बेंगळुरूवाले आठ लाख देतायत आणि इंटर्नशिप केलीस त्या पुण्याच्या कंपनीची नोकरीची ऑफर, म्हणजे पीपीओ, साडेसहाचीच आहे म्हणून पुणेवाल्यांकडे आठ मागते, तर जरा थांब. तू पाठवलेली दोन्ही ऑफर लेटर्स रात्री नीट वाचली, मी इतकी वर्षं पगारपत्रकंच करतेय त्यामुळे माझी नजर आधी शेवटच्या पानावरच्या ब्रेकअपवर जाते.

त्या आठ लाखात फिक्स्ड फक्त 6 लाख आहे. 80 हजार व्हेरिएबल, ते कंपनीचं वर्ष कसं गेलं त्यावर. 50 हजार जॉइनिंग बोनस, वर्षाच्या आत सोडलंस तर परत करायचा, आणि 70 हजार रिटेन्शन बोनस तर दोन वर्षं झाल्यावर. वर त्या 6 लाखातच कंपनीचा पीएफ 36 हजार आणि ग्रॅच्युइटी साधारण साडेचौदा हजार धरलीय (बेसिक 3 लाख आहे), मग तुझ्या वाट्याचा पीएफ अजून 36 हजार कापला जाणार. म्हणजे हातात महिन्याला साडेबेचाळीस हजारांच्या आसपास. पुण्याचे साडेसहा सगळे फिक्स्ड आहेत, तसाच हिशोब केला तर शेहेचाळीस हजार येतात! आणि बेंगळुरूचं भाडं, डिपॉझिट वेगळंच.

त्यामुळे आठचा आकडा घेऊन गेलीस की एचआर ब्रेकअप मागणार आणि तुझा मुद्दा तिथेच संपणार. ती ऑफर आहे एवढं खरं खरं सांग, पण जोर इंटर्नशिपवर दे. सहा महिन्यांत तू टेस्टिंगच्या ज्या स्क्रिप्ट लिहिल्यास त्यामुळे प्रत्येक रिलीजचं दोन दिवसांचं काम काही तासांवर आलं, आणि दुसरा फ्रेशर घेतला तर त्याला आधी ट्रेनिंग द्यावं लागेल, तू पहिल्या दिवसापासून काम करशील. हे आधी तुझ्या मॅनेजरला सांग, कारण वर जाऊन तुझ्यासाठी शब्द टाकणार तो, एचआर नाही. मग एचआरला मेल कर आणि 7.2 लाख फिक्स्ड माग.

फ्रेशरचा पगाराचा बॅंड ठरलेला आहे असं म्हणतील, बऱ्याचदा ते खरंच असतं गं, एकाच बॅचच्या मुलांना वेगळा पगार द्यायला त्यांना जड जातं. तेव्हा फिक्स्डवर अडून बसू नकोस, एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस माग, तो बॅंडच्या बाहेर असतो म्हणून सहज निघतो, आणि सहा महिन्यांनी पगाराचा रिव्ह्यू होईल हे ऑफर लेटरमध्ये लिहून घे, तोंडी नको.

हे सगळं पीपीओ ॲक्सेप्ट करायच्या आधी, नंतर कोणी ऐकत नाही. आणि उद्या सकाळी आधी प्लेसमेंट सेलच्या सरांना विचार, कारण काही कॉलेजांत दोन ऑफर हातात ठेवून थांबलेलं चालत नाही, नाव काढून टाकतात. मेलचा मसुदा झाला की पाठव, मी रात्री बघते.

तुझी,
आई