तो मेल आज पाठवू नकोस

चि. सोनू, अनेक आशीर्वाद.

काल फोन तू ठेवलास की मी, आठवत नाही. ‘आई, तुला यातलं काय कळतं’ हे मात्र आठवतंय. नव्या नोकरीच्या ऑफरला उत्तर म्हणून तू लिहिलेला मेलचा मसुदा मी नंतर तीनदा वाचला. ‘ही ऑफर म्हणजे माझ्या अनुभवाचा अपमान आहे’ या वाक्याशी आले की पोटात गोळा येतो. तो मेल अजून गेला नसेल असं धरून लिहिते आहे. आणि राजीनामाही दिला नसशील असं.

22 वर्षं मी नेमणुकांच्या फायली सांभाळल्या. कमी आकडा उमेदवाराला कळवायचं काम माझ्याकडेच असायचं. त्यामुळे यातलं थोडं कळतं मला. तुझ्याशी बोलणाऱ्या रिक्रूटरने तो आकडा ठरवलेला नसतो. पदाचा एक बँड, म्हणजे कमीत कमी ते जास्तीत जास्त पगार, ठरलेला असतो आणि त्यात तुला कुठे बसवायचं हे तिथला मॅनेजर आणि पगाराचं बघणारी माणसं ठरवतात. रिक्रूटर मधला निरोप्या. तू नुसती चिडलीस तर आत निरोप जातो ‘उमेदवार नाराज आहे’, आणि त्यावर कोणी पैसे मंजूर करत नाही. कारण दिलंस तर तो तुझा मेल आहे तसा पुढे पाठवू शकतो. मी अशी कितीतरी पत्रं जशीच्या तशी साहेबांच्या टेबलावर ठेवली आहेत. म्हणून लिहिताना डोळ्यांसमोर रिक्रूटर नको. तो मेल पुढे गेल्यावर वाचणारा, तुला कधी न भेटलेला माणूस आण.

आता आकडे. खरे इथे लिहीत नाही, तुझा आत्ताचा पगार 100 धरते. त्यात 90 फिक्स्ड आणि वर्षाचा बोनस 10, तोही दोन महिन्यांनी मिळणारा. नव्या ऑफरमध्ये एकूण 112 आहेत म्हणून बाबा खूश झाले. पण तुझ्या कागदावर फिक्स्ड 92 आणि व्हेरिएबल 20 आहे. म्हणजे खात्रीची वाढ फक्त 2 ची. व्हेरिएबल पूर्ण मिळेलच असं नाही, आणि पुढची पगारवाढ बहुतेक फिक्स्डवर मोजतात. आत्ता कमी पडलेला आकडा वर्षानुवर्षं मागे येतो. तुझा राग खोटा नाही, एवढंच सांगायचं होतं. काल ते आधी म्हणायला हवं होतं मी.

पहिल्या फोनवर तू 120 सांगितले होतेस आणि ते ‘बसतं’ म्हणाले होते. मग आता 120च माग. ‘त्यांनी कमी दिलं म्हणून मी 130 सांगते’ असं काल म्हणालीस, ते करू नकोस. आपलाच आकडा वर सरकवला की पुढच्या बोलण्यावरचा विश्वास जातो. ‘118 ते 122’ असंही लिहू नकोस, समोरच्याला 118च ऐकू येतात. फिक्स्ड 102, व्हेरिएबल 18. आणि आत्ताच्या नोकरीत बुडणारा 10 चा बोनस एकदाच मिळणारा जॉइनिंग बोनस म्हणून. सगळं एकाच मेलमध्ये. आज पगार, परवा बोनस, मग रुजू व्हायची तारीख असं तुकड्यातुकड्यांनी मागितलं की प्रत्येक वेळी त्याला आत जाऊन हात पसरावे लागतात. तिसऱ्यांदा तो जात नाही.

मी तुझ्या मसुद्यावरून असं केलं आहे. तुझ्या भाषेत बदलून घे:

‘ऑफरबद्दल मनापासून आभार. टीमशी झालेल्या बोलण्यानंतर हे काम करायची माझी इच्छा आणखी पक्की झाली आहे. मात्र आपल्या पहिल्या बोलण्यात एकूण 120 चा आकडा ठरला होता आणि सध्याच्या प्रस्तावात फिक्स्ड भाग माझ्या आत्ताच्या पगाराच्या जवळपासच आहे. मुलाखतीत कळलं की या पदावर दोन टीमची जबाबदारी असेल. तीच मी गेली तीन वर्षं सांभाळते आहे. फिक्स्ड 102 आणि व्हेरिएबल 18 करता येईल का? आत्ता सोडल्याने माझा 10 चा बोनस जातो, तो जॉइनिंग बोनस म्हणून विचारात घेता येईल का? हे जमल्यास मी लगेच सही करायला तयार आहे. आपल्याला सोयीचं असेल तेव्हा फोनवरही बोलू या.’

‘सही करायला तयार आहे’ हे वाक्य काढू नकोस. एवढं दिल्यावरही ही येईल का, ही भीती आत असते. ते वाक्य ती भीती घालवतं. पण खरं असेल तरच लिही. दुसऱ्या ऑफरची थाप मुळीच नको, ‘कागद दाखवा’ म्हणाले तर तोंडघशी पडशील.

मग वाट बघ. ‘विचारून सांगतो’ म्हणाले तर दार उघडं आहे. ‘बँडची कमाल मर्यादा हीच’ म्हणाले तर फिक्स्डवर पुन्हा डोकं आपटू नकोस. जॉइनिंग बोनस पुष्कळदा वेगळ्या खात्यातून निघतो, तिथे हात बहुधा सैल असतो. मात्र वर्षाच्या आत सोडलं तर परत करावा लागेल का, हे विचार. सहा महिन्यांनी पगाराचा फेरविचार देतो म्हणाले तर तो ऑफर लेटरमध्ये हवा. आणि फोन उचलण्याआधी तुझा शेवटचा आकडा कागदावर लिहून ठेव. माझ्या मते फिक्स्ड 97 आणि बोनस भरपाई. पण नोकरी तुझी, आकडाही तुझाच. एकदा हो म्हटल्यावर मात्र आणखी काही मागायचं नाही. नम्रपणे मागितलं म्हणून ऑफर काढून घेतलेली मी क्वचितच पाहिली. होकारानंतर पुन्हा मागणाऱ्यांच्या मात्र पाहिल्या आहेत.

बघ, पत्राचं व्याख्यान झालं. रागावू नकोस.

तू चौथीत होतीस तेव्हा मलाही एक नोकरी मिळाली होती. आकडा फोनवर ठरला आणि आनंदात मी त्याच संध्याकाळी राजीनामा टेबलावर ठेवला. आठ दिवसांनी पत्र आलं, त्यात आकडा कमी होता. मागे जायला जागा नव्हती, काय मागणार? मी ‘आभारी आहे’ लिहून सही केली. त्या वर्षी तुझा गाण्याचा क्लास बंद झाला. कारण तुला वेगळंच सांगितलं होतं. तू विचारलंही नाहीस, नुसती वही कपाटात ठेवून दिलीस. ती अजून माझ्याजवळ आहे.

म्हणून राजीनाम्याचं पुन्हा लिहिते आहे, लेखी पत्र हातात येईपर्यंत देऊ नकोस. काल तू 120 चा आकडा म्हणालीस तो आवाज न कापता. मला माझ्या वयाच्या चाळिशीतही तसा म्हणता आला नव्हता. भांडताना ते सांगायचं राहून गेलं.

उद्या सकाळी चहा पिऊन झाल्यावर मेल पुन्हा एकदा वाच, मगच पाठव. बाबा म्हणतात तुला फोन करू नको, दोन दिवस मोकळं सोड. मी करणार नाही. तू कर. आणि राजीनामा दिला असशील तरी सांग, लपवू नकोस, मी ओरडणार नाही.

तुझी,
आई