बाळ्यास, तुझ्या मधाबद्दल

प्रिय बाळ्या,

तीन महिने पत्र नाही म्हणून रागावला असशील. तब्येती ठीक, गुडघा जुनाच. कारण तुझी मधाची बाटली.

बारशाला ती आली आणि आईने त्याच संध्याकाळी अंगठी बुडवून छकुलीच्या जिभेला लावली. सव्वा महिन्याची पोर! मी खोलीत नव्हतो. दुसऱ्या दिवशी लसीला गेलो तेव्हा सहज बोललो, तर डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

मधात बोटुलिनम नावाच्या जंतूचे बीजाणू असू शकतात. मातीतून, धुळीतून येतात. मधात पाणी कमी म्हणून ते तिथे झोपूनच राहतात. आपल्या पोटातही त्यांना जागा मिळत नाही, कारण आतड्यातले आपले जंतू त्यांना रुजू देत नाहीत. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती वस्ती अजून पुरती बसलेली नसते. तिथे ते रुजतात, विष तयार करतात आणि ते विष नसांकडून स्नायूंना जाणारा निरोपच अडवतं. प्रत्येक बाटलीत ते असतातच असं नाही, पण पाहून, चाखून कळत नाही.

मी लगेच तुझी बाजू घेतली, "पण मध कच्चा आहे, भेसळ नाही." (दहावीपासून आपलं भांडण याच्यावरच.) डॉक्टर म्हणाले, फरक आहे, पण इथे कामाचा नाही. कच्चा म्हणजे न तापवलेला, नुसता गाळलेला, परागकण असलेला, लवकर साखरणारा. कंपनीवाले साठ-पासष्ट अंशांपर्यंत तापवून बारीक गाळतात, त्याने आंबवणारं यीस्ट मरतं आणि मध उशिरा साखरतो. बीजाणू मात्र उकळत्या पाण्यातही टिकतात. आईने विचारलंच, "मग उकळून दिला तर?" तोही नाही.

पुढचा महिना मी जागलो. लक्षणं तीन दिवसांनी दिसतात किंवा तीस दिवसांनीही. एकदा तीन दिवस शी झाली नाही आणि माझे हातपाय गळाले. डॉक्टर म्हणाले, अंगावर पिणाऱ्या बाळाला नुसतं एवढं चालतं. ओढ कमी झाली, रडणं बारीक झालं, पापण्या जड झाल्या किंवा मान लुळी पडली, तर मात्र त्याच घटकेला दवाखाना. दर दुधाला मी तिचं ओढणं ऐकत बसायचो. ती मजेत होती. रडण्याचा आवाज तर थेट तुझ्या बायकोचा, वहिनींना सांगू नकोस.

हे तुला आधी लिहिलं नाही, कारण बाटली पाठवणारा तू, आणि मला तुझ्यावर उगाच राग आला होता. आता नाही.

घराचं छत झालं का? मुलाचा निकाल कळव.

आईने बाटलीवर चिकटपट्टी लावून पहिल्या वाढदिवसाची तारीख लिहिली आहे. अण्णांनी मात्र निम्मी संपवली. पुढच्या हंगामात आणखी पाठव.

तुझा,
नंद्या