करार खरा, मालक खोटा

प्रिय दिलीप,
सप्रेम नमस्कार.

ठाण्याच्या घराविषयी तू फोनवर विचारलेस, तेव्हा ते तुटक बोलण्यात सांगण्यासारखे नव्हते, म्हणून सविस्तर लिहीत आहे.

हे घर आम्ही हेवी डिपॉझिटवर घेतले होते. आठ लाख रुपये अनामत, दरमहा भाडे नाही, मुदत अकरा महिने आणि घर सोडताना सगळी रक्कम परत, असा व्यवहार ठरला. पैसे मी बँकेतूनच पाठवले. करार ऑनलाइन नोंदवला गेला. एजंटने यंत्र घरी आणून दोघांचे अंगठे आणि छायाचित्रे घेतली, आधारची पडताळणी झाली. ज्याने मालक म्हणून सही केली, त्याने फ्लॅटच्या खरेदीखताच्या इंडेक्स दोनची झेरॉक्सही दिली होती आणि तिच्यात घेणाऱ्याच्या रकान्यात त्याचेच नाव होते.

पुढे एका रविवारी सकाळी साठीच्या एक बाई दाराशी आल्या. त्यांनी आधी दारावरची पाटी वाचली, मग माझ्याकडे पाहून विचारले, "आपण कोण? माझे भाडेकरू कुठे आहेत?" मी आमच्या मालकाचे नाव सांगितले. त्या म्हणाल्या, "अहो, तेच माझे भाडेकरू. तीन महिने भाडे आलेले नाही, फोनही उचलत नाहीत." सोसायटीचे मूळ शेअर सर्टिफिकेट त्यांनी पिशवीतून काढून माझ्या हातात दिले. मागच्या बाजूच्या हस्तांतरणाच्या नोंदीत त्यांचे नाव होते. मला काही सुचेना. हिने त्यांना आत बसवून पाणी दिले.

त्याच दुपारी नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर मी ई-सर्च केले. तेथे मिळकतीवरून शोध घेता येतो, तसा दस्त क्रमांकावरूनही घेता येतो. माझ्याकडच्या झेरॉक्सवरचा दस्त क्रमांक, वर्ष आणि दुय्यम निबंधक कार्यालय टाकले. दस्त तोच निघाला, फ्लॅट तोच, मोबदला तोच. फक्त घेणाऱ्याच्या जागी बाईंचे नाव होते. झेरॉक्स काढण्यापूर्वी त्या एका ओळीवर दुसरे नाव चिकटवलेले असणार. मग मिळकतीवरून शोधले, तेव्हा आणखी एक दस्त सापडला. प्रकार लिव्ह अँड लायसन्स, देणाऱ्या बाई आणि घेणारा आमचा हा 'मालक'. त्यांच्याकडून त्याने घर एक लाख अनामत आणि पंचवीस हजार भाड्याने घेतले, पुढे आम्हाला आठ लाखांना दिले, चार महिने बाईंना भाडे भरून सगळे सुरळीत असल्याचे भासवले आणि मग हात वर केले. म्हणजे दोन लाख घालून त्याने सहा लाख उचलले. सोसायटीच्या दप्तरात त्याने आमची नोंद आपले नातेवाईक म्हणून केली होती, त्यामुळे तेथेही कोणाला शंका आली नाही.

मला सर्वांत लागते ते हे की आमचा करार बनावट नव्हता. तो आजही नोंदणी कार्यालयात रीतसर आहे. नोंदणीच्या वेळी सही करणारा माणूस तोच आहे ना, एवढेच तपासले जाते. घर त्याचे आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. वकिलांनी समजावले की १८८२ च्या सुविधाधिकार अधिनियमाच्या कलम ५६ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सच्या, म्हणजे नुसत्या राहण्याच्या परवान्यावर असलेल्याला आपला हक्क दुसऱ्याला देता येत नाही. त्यामुळे बाईंविरुद्ध आमच्या कराराला काहीच बळ नव्हते आणि त्यांनी मनात आणले असते तर आम्हाला घर सोडावेच लागले असते. त्यांनी तसे केले नाही. त्याचा परवाना त्यांनी नोटीस देऊन रद्द केला आणि पंचवीस हजार भाड्याने माझ्याशी थेट नवा करार केला. त्यांचे हे उपकार मी विसरणार नाही, कारण तीन महिन्यांचे भाडे त्यांचेही थकले होते.

पोलीस ठाण्यात पहिले उत्तर मिळाले, "हा दिवाणी मामला आहे, कोर्टात जा." अनामत परत न देणे आणि मालक नसताना मालक म्हणून अनामत घेणे यांतला फरक तोंडी सांगून पटेना. मग माझी झेरॉक्स, त्याच दस्ताची संकेतस्थळावरची प्रत, बाईंचा त्याच्याशी झालेला करार आणि माझे बँकेचे उतारे तारखांच्या क्रमाने लावून दिले. ज्या दिवशी त्याने माझ्या करारावर मालक म्हणून अंगठा दिला, त्या दिवशी तो स्वतः भाडेकरू होता, हे त्यातून कागदावर दिसले. फसवणुकीचा हेतू सुरुवातीपासूनचा होता हे दाखवणारा हाच पुरावा ठरला आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खाली गुन्हा नोंदवला गेला. बनावट कागदाचे कलमही लावले आहे.

गुन्हा नोंदवल्याने पैसे परत येत नाहीत. त्यासाठी वसुलीचा दिवाणी दावा वेगळा लावावा लागतो. तो मी दाखल करत आहे. त्याचे बँक खाते पोलिसांनी गोठवले, पण तोवर त्यातली बहुतेक रक्कम निघून गेली होती. एजंटचा जबाब झाला आहे. त्याच माणसाने आणखी एका कुटुंबाकडून अशीच अनामत घेतल्याचे तपासात पुढे आले असून, त्यांच्याशी माझी भेट येत्या शनिवारी वकिलांच्या कार्यालयात ठरली आहे. तेथे काय ठरते ते कळवतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
श्रीकांत