प्रवासासाठी दिलेले आणि संध्याकाळी तार सुटलेले समोसे : तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग,
(कंपनीचे मुख्य कार्यालय)

विषय : पुण्यातील बसस्थानकाजवळच्या आपल्या शाखेतून सकाळी घेतलेले बटाट्याचे समोसे संध्याकाळपर्यंत खराब झाल्याबद्दल, आणि त्यावर फोनवर मिळालेल्या उत्तराबद्दल.

महोदय,

ऑक्टोबरमध्ये मी पुण्याहून लातूरला बसने येत होते. बहिणीकडे चहाबरोबर होतील म्हणून सकाळी साडेआठच्या सुमारास तुमच्या शाखेतून सहा समोसे आणि सहा मूगडाळीच्या कचोऱ्या घेतल्या. काउंटरवरच्या मुलाला मी स्पष्ट विचारलं, "संध्याकाळी खायचे आहेत, चालतील ना?" तो म्हणाला, "बिनधास्त न्या काकू, रोज लोक गावाला नेतात." समोसे कढईतून नुकतेच निघालेले होते. त्याने ते झाऱ्यावरून जवळजवळ थेट पिशवीत टाकले, पिशवीचं तोंड दोनदा दुमडलं आणि वर स्टेपलरची पिन मारली. कचोऱ्या मात्र ताटात आधीच गार होऊन पडलेल्या होत्या, त्या दुसऱ्या पिशवीत दिल्या. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

संध्याकाळी सहाला पिशवी उघडली. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब होते. समोशाची जी बाजू खाली होती ती पिशवीला इतकी चिकटली होती की उचलताना पारीचा पापुद्रा पिशवीलाच राहिला आणि उघडा बटाटा हातात आला. एक समोसा मोडला. आतला बटाटा सरळ तुटला नाही, दोन तुकड्यांच्या मध्ये बारीक चिकट तार ओढली गेली. वास आंबूस. वाटाण्यावर बुळबुळीत थर. आणखी दोन मोडून पाहिले, तेही तसेच. घरातल्या मुलांनी हात लावायच्या आत मी सगळे उचलून टाकून दिले. त्यामुळे कोणाला काही झालं नाही. आजारपणाची भरपाई मागायला हे पत्र लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी तुमच्या ग्राहक सेवेच्या नंबरवर फोन केला. तिथल्या बाईंनी नम्रपणे दोन गोष्टी सांगितल्या. एक, "आमची पिशवी कागदाची आहे मॅडम, त्यात पदार्थ घामेजत नाही." दुसरी, "खाण्याआधी तुम्ही ते गरम करायला हवे होते." मी स्वतः घरगुती फराळाच्या ऑर्डरी घेते. समोसे-कचोरी हे माझं रोजचं काम. म्हणून या दोन्ही उत्तरांवर सविस्तर लिहिते आहे, कारण हीच उत्तरं तुम्ही रोज किती जणांना देत असाल कोण जाणे.

आधी पिशवी. ती कागदाची नाही, म्हणजे नुसत्या कागदाची नाही. मी ती पाण्यात भिजत घातली. थोड्या वेळाने वरचा खाकी कागद बोटाने सोलून निघाला आणि खाली पारदर्शक प्लॅस्टिकचा पातळ पडदा राहिला. कोरडी असतानाही कळतं : हळू फाडली तर कागद तुटतो आणि पडदा ताणत राहतो. तेल बाहेर येऊन ग्राहकाची बॅग खराब होऊ नये म्हणून हे अस्तर लावता, हे मी समजू शकते. पण हे प्लॅस्टिक तेल बाहेर जाऊ देत नाही तशी वाफही बाहेर जाऊ देत नाही. नुकत्याच तळलेल्या समोशाच्या पोटातला बटाटा चांगला कढत असतो आणि त्यात पाणी भरपूर असतं. ती वाफ पारीतून बाहेर येते, अस्तराला धडकते, गार होऊन थेंब होते आणि परत समोशावरच पडते. वरून तुम्ही तोंड पिनेने बंद केलेलं. मग खुसखुशीत राहणार काय?

मी घरी करून पाहिलं. एकाच घाण्यातले समोसे तळले. मैदा घट्ट भिजवलेला, मोहन मुठीत मुटका वळेल इतकं, तळणी मंद आचेवर. तेल फार तापलेलं असेल तर पारीला फोड येतात, रंग लवकर चढतो आणि आत ओल राहते. तसे समोसे कोणत्याही पिशवीत मऊच पडतात. तो संशय राहू नये म्हणून सांगते, तुमच्या समोशांना फोड नव्हते. तुमचा तळणारा माणूस कामाचा आहे. तर माझ्या घाण्यातले निम्मे समोसे मी गरम असतानाच तुमच्याच दुसऱ्या, कचोरीच्या पिशवीत घालून तिचं तोंड पिन मारून बंद केलं. निम्मे आधी जाळीवर पूर्ण गार होऊ दिले, मग अस्तर नसलेल्या साध्या खाकी पिशवीत तोंड उघडं ठेवून भरले. दुपारपर्यंत पहिले समोसे बोटाने दाबले की खळगा पडत होता. दुसऱ्यांची पारी संध्याकाळीही दाबल्यावर मोडत होती, पिशवीला फक्त तेलाचे डाग पडले होते.

आता यावरून कोणी म्हणेल, चला, पिशवी बदलली की प्रश्न मिटला. तसं नाही, आणि माझी खरी तक्रार इथून पुढे आहे. साध्या पिशवीतले समोसे कुरकुरीत होते खरे, पण ते संध्याकाळी मी घरातल्या कोणाला खाऊ दिले नाहीत. कुरकुरीतपणा पारीचा असतो; खराब होतो तो बटाटा.

शिजवलेला बटाटा हा ओला, आंबटपणा नसलेला, पिठूळ पदार्थ. जंतूंना याहून सोयीचं काही नाही. मातीतून आणि मसाल्यांतून येणाऱ्या काही जंतूंची बीजं उकडण्यातून आणि तळण्यातूनही वाचतात, आणि बटाटा कोमट झाला की जागी होतात. म्हणूनच अन्नसुरक्षेचा नियम आहे की गरम विकायचा पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवा, गार विकायचा ५ अंशांच्या खाली ठेवा. मधला सगळा टप्पा धोक्याचा. तुमच्या पिशवीतले सहा समोसे एकमेकांना चिकटून, बंद तोंडाने, ऑक्टोबरच्या उन्हात बसच्या रॅकवर होते. ते धड गरम राहिले नाहीत आणि धड गारही झाले नाहीत. साडेनऊ तास ते याच मधल्या टप्प्यात होते. पिशवीतली कोंडलेली ऊब आणि ओल हा त्यात भर घालणारा भाग झाला. पण पिशवी कितीही चांगली असती तरी बटाट्याचा समोसा इतका वेळ बाहेर ठेवायचा पदार्थच नाही. चार तासांच्या पुढे मी माझ्या गिऱ्हाइकालाही तो खाऊ नका म्हणून सांगते, उन्हाळ्यात त्याहून कमी.

आणि म्हणूनच "गरम करायला हवे होते" हे उत्तर मला सर्वांत जास्त खटकलं. मऊ पडलेली पारी तव्यावर किंवा ओव्हनमध्ये गरम करून परत थोडी कडक होते, हे खरं. पण मधल्या तासांत जंतू वाढले असतील तर त्यातले काही जाताना विष मागे ठेवतात. बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूचं उलट्या करवणारं विष तर घरगुती गरम करण्याने नाहीसं होत नाही. म्हणजे तुमचा सल्ला मानणारा ग्राहक समोसा गरम करेल, वास थोडा दबेल, पारी कुरकुरीत लागेल, आणि तो निर्धास्तपणे खाईल. तार सुटली, वास आला म्हणून मला तरी कळलं. प्रत्येक वेळी इतकं उघड कळेलच असं नाही.

आता कचोऱ्यांचं. त्याच दिवशी, त्याच बसमध्ये, तशाच अस्तराच्या पिशवीत त्या होत्या. संध्याकाळी किंचित नरम पडल्या होत्या, एवढंच. वास नाही, चिकटपणा नाही. तव्यावर मंद आचेवर ठेवल्या आणि आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. कारण सारण. मूगडाळ भरडून तेलात मसाल्याबरोबर कोरडी होईपर्यंत परतलेली, ओल जवळजवळ नाही, वर आमचुराचा आंबटपणा. शेगाव स्टेशनवरून लोक कचोऱ्या बांधून घरी नेतात आणि गारच खातात, ते उगीच नाही. (कांद्याची कचोरी मात्र या हिशेबात धरू नका, तिचं सारण ओलं असतं. तीच गोष्ट कांदाभजीची.) सांगायचं हे की प्रवासाला चालणारा पदार्थ तुमच्याच काउंटरवर, समोशाच्या शेजारच्या ताटात पडलेला होता. मी संध्याकाळसाठी विचारल्यावर त्या मुलाने "समोसे नको, बाराही कचोऱ्या न्या" म्हटलं असतं तर तुमची विक्री तेवढीच झाली असती. त्याला कोणी शिकवलंच नसेल, त्याच्यावर माझा राग नाही.

शाखेत एक मोठा बोर्ड आहे : "आम्ही वर्तमानपत्रात पदार्थ देत नाही." बरं करता. पण अन्नाला वर्तमानपत्र लावायचं नाही हे २०१८ च्या पॅकेजिंग नियमांतच आहे. त्या बोर्डाच्या अर्ध्या जागेत समोसा किती वेळात खायचा हे लिहिलं असतं तर ग्राहकाच्या जास्त कामाला आलं असतं. सुट्ट्या मिठाईच्या ट्रेपुढे 'अमुक तारखेपूर्वी खा' अशी पाटी ऑक्टोबर २०२० पासून लावावी लागते, ती तुमच्या पेढ्यांपुढे होतीही. पेढ्यापेक्षा कितीतरी लवकर बिघडणाऱ्या समोशावर मात्र एक अक्षर नाही.

माझ्या मागण्या सांगते. सहा समोशांचे पैसे परत करावेत. रक्कम लहान आहे, पण ती हक्काची आहे. बटाट्याच्या समोशाच्या पिशवीवर तळल्याची वेळ आणि चार तासांत खाण्याची सूचना मराठीत, ठळक अक्षरांत छापावी किंवा शिक्का मारावा. गरम समोसे अस्तराच्या पिशवीत घालून पिन मारणं बंद करावं, साधी पिशवी द्यावी आणि तोंड उघडं ठेवावं. पिनही नकोच, उघडताना ती पदार्थात पडते. बसस्थानकाजवळच्या शाखेत तरी प्रवासासाठी मागणाऱ्याला काय द्यायचं आणि काय नाही हे काउंटरवरच्यांना सांगावं. आणि ग्राहक सेवेतून "गरम करून खा" हे उत्तर आजपासून काढून टाकावं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास बिलावर छापलेल्या तुमच्या चौदा अंकी परवाना क्रमांकासह अन्न व औषध प्रशासनाकडे आणि १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन. सोललेली पिशवी आणि मोडलेल्या समोशाचे फोटो माझ्याकडे आहेत, मागितल्यास पाठवते.

आपली ग्राहक,
लातूर

सोबत : बिलाची प्रत