गार्गीच्या दुसऱ्या मेजरचा हिशेब

नौपाडा, ठाणे

प्रिय सुनीत,

सप्रेम नमस्कार. गार्गीला अर्थशास्त्राच्या जोडीला गणितही मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून हवे आहे, हे तुझ्या पत्रातून कळले. होकार देण्यापूर्वी वही घेऊन एक बेरीज करून पाहा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या डिसेंबर 2022 च्या आराखड्यात तीन वर्षांच्या पदवीला 120 क्रेडिट लागतात. त्यांत मेजरचे किमान 60 आणि मायनरचे, म्हणजे दुय्यम विषयाचे, किमान 24 असतात. इतर विद्याशाखांचे विषय, भाषा, कौशल्य, मूल्यवर्धन आणि इंटर्नशिप यांचे मिळून किमान 34 होतात. ही बेरीज 118 येते, म्हणजे मायनर ठरलेल्या चौकटीत बसते आणि त्यासाठी जादा काही करावे लागत नाही. दुहेरी मेजरसाठी मात्र दुसऱ्या विषयात एकूण क्रेडिटच्या 40 टक्के, म्हणजे 48 मिळवावे लागतात. मायनरच्या 24 च्या जागी 48 मांडले की बेरीज 142 वर जाते, म्हणजेच 22 क्रेडिट जादा. एका क्रेडिटला थिअरीचे 15 तास धरले, तर हे 330 तास झाले. उरलेल्या चार सत्रांत ते वाटले, तर नेहमीच्या साधारण 20 क्रेडिटच्या सत्रात तिला पंचवीस-सव्वीस क्रेडिट पेलावे लागतील. हे आकडे आयोगाचे किमान आकडे आहेत. तिच्या विद्यापीठाचा तक्ता थोडा वेगळा असू शकतो, म्हणून अंतिम हिशेब त्यावरूनच करावा.

मायनरमध्येही एक खाच आहे आणि ती आम्हाला महागात पडली. माझ्या पुतण्याने मानसशास्त्राचे 16 आणि समाजशास्त्राचे 8 क्रेडिट घेतले. बेरीज बरोबर 24 भरली, पण ते दोन विषयांत विखुरल्यामुळे गुणपत्रिकेवर मायनरचा उल्लेख आलाच नाही. महाविद्यालयात कोणी वेळेवर सांगितले नाही, आणि आमच्या लक्षात आले तेव्हा सहावे सत्र चालू होते. आराखड्यानुसार दुसऱ्या सत्राच्या अखेरीस मायनर जाहीर करता येते. तेव्हाच विषय लेखी कळवावा आणि प्रत्येक सत्रानंतर अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सच्या खात्यात त्याच विषयाचे क्रेडिट जमा झाले का, हे पाहावे.

गणिताची ओढ खरीच असेल, तर मला स्वतंत्र दुसरी पदवी अधिक सोयीची वाटते. एप्रिल 2022 पासून आयोगाने एकाच वेळी दोन पदव्यांना मुभा दिली आहे, मात्र दोन्ही प्रत्यक्ष वर्गातल्या असतील तर तासांच्या वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. गार्गीचे वाशीतले वर्ग साडेबाराला सुटतात. ठाण्यातली दुपारची तुकडी एकला सुरू होत असेल, तर ट्रान्स-हार्बरच्या गाडीने पोहोचून पहिला तास गाठणे रोज जमणार नाही. म्हणून दुसरी पदवी दूरस्थ किंवा ऑनलाइन घ्यावी, आणि तो अभ्यासक्रम आयोगाच्या मान्यतेच्या यादीत आहे याची प्रवेशापूर्वीच खात्री करावी. तिथे एका पदवीचे ओझे दुसरीच्या सत्रावर पडत नाही, आणि गणित झेपले नाही तरी अर्थशास्त्राची पदवी सुरक्षित राहते.

रविवारी तिला घेऊन घरी ये. दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका आणि विद्यापीठाचा क्रेडिटचा तक्ता सोबत आण, म्हणजे आपण ओळीओळीने बेरीज करू.

तुझा,
अविनाश