हार्डवेअरवाल्या काकांना, आमचं पत्र परत केल्याबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

जर्सीबद्दल मैदानावर नारळ फोडला तेव्हा तुमचे आभार मानून झालेत. तेव्हा तुम्ही "बास झालं, गिऱ्हाईक थांबलंय" म्हणून निघूनही गेलात. हे पत्र दुसऱ्याच गोष्टीसाठी आहे. गेल्या श्रावणात क्लबासाठी मदत मागायला आम्ही तुम्हाला दिलेलं पहिलं पत्र तुम्ही परत केलंत, त्याबद्दल. आणि ते सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय, कारण परळमधल्या आजूबाजूच्या गल्ल्यांतली पोरंही आता जर्सीसाठी दुकानं पालथी घालायला लागलीत. आमचं जे चुकलं ते त्यांचंही चुकतंय.

ते पत्र आठवतंय ना? दहीहंडीचा आठवडा, शनिवारची संध्याकाळ, साडेसात वाजलेले. तुमच्या काउंटरवर एक बाई नळाची चकती दाखवत होत्या, एक प्लंबर एल्बोसाठी ओरडत होता, आणि आम्ही सहा जण घामेजलेले, हातात लॅमिनेट केलेलं पत्र. लॅमिनेशनची कल्पना माझीच. तुम्ही चष्म्याच्या वरून बघितलंत आणि विचारलंत, "हंडी की गणपती?" आम्ही म्हणालो, फुटबॉल. तुम्ही म्हणालात, "ठेवा. दिवाळीनंतर या." आम्ही बाहेर पडून एकमेकांना सांगितलं की गेलं हे दुकान.

दिवाळीनंतर निव्वळ निर्लज्जपणे आलो, तर तुम्ही वजनाखालून तेच पत्र काढलंत. लॅमिनेशन फाडून आतला कागद मोकळा केला होता आणि त्यावर सुताराच्या चपट्या पेन्सिलीने जाड रेघा मारल्या होत्या. कोपऱ्यात गंजाचा अंगठा. पहिली रेघ "यथाशक्ती सहकार्य करावे" या शब्दांवर होती.

तुम्ही तेव्हा जे बोललात ते मी जसंच्या तसं लिहितो. "यथाशक्ती लिहिलंस की ती वर्गणी झाली. वर्गणीचा माझा भाव ठरलेला आहे, ५०१. गल्लीतल्या सगळ्या मंडळांना तोच. तुला ५०१ पाहिजेत का जर्सी पाहिजे?"

आम्ही ते पत्र एका मोठ्या हंडीच्या पत्रावरून उतरवलं होतं, हे आता कबूल करतो. मुख्य प्रायोजक ५०,०००, सहप्रायोजक २५,००० आणि खाली यथाशक्ती. ५०,००० कशाचे, हे पत्रात कुठेच नव्हतं, कारण आम्हालाच माहीत नव्हतं. तुम्ही एक पाठकोरं बिल पुढे सरकवून हिशेब लिहायला लावलात. मुलं सोळा, गोलकीपर दोन, म्हणजे अठरा सेट. जर्सी ३८० रुपये, हाफ पँट २२०, असा एक सेट ६०० रुपयांना. अठराचे १०,८००. चार बॉल प्रत्येकी ९०० प्रमाणे ३,६००. स्पर्धेची प्रवेश फी २,०००. एकूण १६,४००. वर्षाचा क्लब सोळा हजारांत उभा राहत होता आणि आम्ही पन्नास मागत फिरत होतो.

मग तुम्ही १०,८०० भोवती गोल काढलात. एका दुकानाकडे एकच वस्तू मागायची आणि ती पुरती मागायची, म्हणजे त्या दुकानदाराला "हे मी दिलं" असं बोटाने दाखवता येतं. बॉल दुसऱ्याकडे मागा, फी पोरांकडून काढा. हे ऐकायला साधं आहे, पण सोळा हजारांत आठ जणांची नावं घुसवली असती तर छातीवर कुणाचंच वाचता आलं नसतं.

दुसरी रेघ "हजारो प्रेक्षक" यावर होती. तुम्ही विचारलंत किती लोक येतात. मी म्हणालो, पाचशे तरी. तुम्ही शांतपणे म्हणालात, "मधल्या एका रविवारी मी येऊन गेलो. त्रेचाळीस होते. शेंगदाणेवाल्याला धरून." काका, त्या क्षणी काउंटरखाली शिरावंसं वाटलं. पण पुढे तुम्ही जे सांगितलंत ते आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. हार्डवेअरच्या दुकानाला बोरिवलीतले पाचशे लोक काय कामाचे? नळ गळला की माणूस दहा मिनिटांच्या अंतरावर जातो. त्रेचाळीसपैकी तीसेक जण याच गल्ल्यांतले असतील, मुलांचे आईवडील असतील, तर तेवढे तुम्हाला पुरतात. म्हणून खरा आकडा लिहायचा आणि ते कुठे राहतात हे लिहायचं. फुगवलेला आकडा दुकानदार वाचत नाही, तो रोज माल मोजणारा माणूस आहे.

चौकातल्या दहा बाय चारच्या बॅनरचं आश्वासन तर तुम्ही सरळ खोडलंत. पालिकेच्या परवानगीशिवाय लावलेला बॅनर बेकायदा, आणि त्यावर नाव कुणाचं असणार, दुकानाचं. आम्ही देणगीच्या बदल्यात तुमच्यावर कारवाई ओढवून घ्यायला निघालो होतो.

पैशांच्या वाटेचा मुद्दा मात्र मला तेव्हा कळलाच नव्हता. आम्ही पत्राखाली आमच्या कॅप्टनचा यूपीआय क्यूआर छापला होता. तुमचं म्हणणं असं की आपला क्लब नोंदणी केलेला नाही, त्यामुळे करसवलतीची देणगी पावती तो देऊ शकत नाही. दुकानाला हा खर्च दाखवायचा तर जाहिरात म्हणूनच दाखवावा लागणार, आणि एका पोराच्या खात्यावर दहा हजार पाठवले तर सीए त्याला जाहिरात म्हणणार नाही. रोखीने द्यायचे तरी अडचण, कारण एका दिवसात एका माणसाला १०,००० च्या वर रोख दिलेला धंद्याचा खर्च आयकरात धरला जात नाही आणि आमचा आकडा नेमका १०,८००. म्हणून तुम्ही मार्ग काढलात की जर्सीवाल्यानेच बिल दुकानाच्या नावाने करावं, त्यावर "दुकानाच्या नावासह छापलेल्या जर्सी" असं लिहावं आणि तुम्ही त्याला चेक द्यावा. आमच्या हाताला एक रुपयाही लागला नाही. खरं सांगतो, त्यामुळे क्लबातली निम्मी भांडणं आपोआप मिटली.

त्यानंतर आम्ही जे पत्र लिहिलं ते इथे उतरवतो, ज्यांना पाहिजे त्यांनी घ्यावं:

"आमच्या क्लबात १४ ते १७ वयाची १८ मुलं खेळतात. त्यांना या हंगामासाठी जर्सी आणि हाफ पँट हवी आहे. प्रत्येकी ६०० रुपये, एकूण १०,८०० रुपये. छातीवर फक्त आपल्या दुकानाचं नाव राहील. आमचे सामने रविवारी सकाळी असतात, बघायला साधारण ४० माणसं येतात, बहुतेक याच वस्तीतली. जर्सीवाल्याचं कोटेशन सोबत जोडलं आहे, बिल आपल्या नावाने होईल. पुढच्या मे अखेरपर्यंत प्रत्येक सामन्यात हीच जर्सी वापरू. पुढच्या हंगामात आधी आपल्यालाच विचारू. उत्तरासाठी शनिवारी दुपारी ३ वाजता येतो."

खाली सही मुलांची नाही, आमच्या कोचची, आणि एकच फोन नंबर. ना "कळविण्यास अत्यंत आनंद होतो", ना "आपल्यासारख्या दानशूर". अर्धं पानही भरलं नाही. तुम्ही वाचून "हां" म्हणालात आणि चेकबुक काढलंत.

एवढं सगळं होऊन आम्ही पुन्हा माती खाल्लीच, तेही सांगायला हवं. छापायला दुकानाचं नाव म्हणून आम्ही जर्सीवाल्याला तुमच्या व्हिजिटिंग कार्डाचा फोटो पाठवला. व्हॉट्सॲपवरून आलेला, तोही दोनदा फॉरवर्ड झालेला. त्याने नमुना पाठवला तेव्हा अक्षरांच्या कडा जिन्यासारख्या झाल्या होत्या आणि बारीक रफार पार पुसला गेला होता. अठरा जर्सींवर "हाडवेअर" छापून येणार होतं. जर्सीच्या सब्लिमेशन छपाईत कपडा शिवायच्या आधीच रंग धाग्यात उतरवतात. त्यामुळे नाव धुऊन तडकत नाही, पण चुकलं तर खरवडूनही निघत नाही, अख्खा लॉट वाया जातो.

तेव्हाही तुम्हीच फोन फिरवलात. मराठी पाट्यांचा विषय सुप्रीम कोर्टापर्यंत गेला त्या २०२३ च्या धावपळीत तुम्ही दुकानाची पाटी नवी करून घेतली होती, आणि पाटीवाल्याकडे तिची कोरलड्रॉमधली फाईल होती. त्याला तुम्ही बजावलंत, "कर्व्ह करून दे." मला वाटलं काही वळणदार अक्षरं मागताय. मग कळलं की पाटीवाल्याचा मराठी फॉन्ट जर्सीवाल्याच्या कॉम्प्युटरवर नसेल तर नावाच्या जागी अगम्य चिन्हं दिसतात. कर्व्ह केलं की अक्षरांचं चित्र होतं, मग फॉन्ट असो नसो, अक्षर हलत नाही. रफार परत आला. आमचा गोलकीपर अजून सरावाला येताना "हाडवेअर उघडलं का रे" म्हणतो, ते मनावर घेऊ नका.

तुमच्या रेघा मारलेला तो कागद क्लबच्या पेटीत प्लॅस्टिकच्या फाईलमध्ये ठेवलाय. मागच्या गल्लीतली पोरं त्याची झेरॉक्स घेऊन गेली. ती जर तुमच्याकडेच आली तर सांगा की छाती आधीच गेली आहे, बॉल द्यायचे का ते तुम्ही ठरवा.

जर्सीवाल्याने एक सेट जास्त शिवला आहे, डबल एक्सएल, नंबर ४३. त्याचे पैसे आम्ही काढून दिलेत, तुमच्या बिलात नाहीत. शनिवारी आणून देतो, दुपारी तीनला. संध्याकाळी नाही.

आपला,
मागच्या चाळीतला लेफ्ट बॅक