फरक खरा, पण केवढा?

समाजमाध्यमे आणि मनःस्थिती यांवरील आपल्या लेखात फेसबुकच्या प्रयोगाचा निष्कर्ष पी-मूल्य, म्हणजे प्रत्यक्षात परिणाम नसतानाही निव्वळ योगायोगाने निदान एवढा फरक दिसण्याची शक्यता, ०.००१ पेक्षा कमी असल्याने ‘अत्यंत ठोस’ ठरवला आहे. त्याबद्दल थोडे.

२०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ६,८९,००३ वापरकर्ते होते. त्यांच्यापैकी एका गटासमोर येणारा आनंदी मजकूर कमी केल्यावर त्या गटाच्या स्वतःच्या लिखाणातील आनंदी शब्दही घटले. पण हजार शब्दांमागे सुमारे एक.

दोन गटांच्या सरासरींतील फरकाला प्रमाण विचलनाने, म्हणजे माणसामाणसांतील नेहमीच्या तफावतीने, भागले की फरक केवढा हे सांगणारा कोहेनचा ‘डी’ मिळतो. येथे तो ०.०२ होता. म्हणजे दोन्ही गटांतून एकेक माणूस निवडला, तर ज्यांचा आनंदी मजकूर मुद्दाम घटवला नव्हता त्या नियंत्रण गटातला अधिक आनंदी लिहिणारा निघण्याची शक्यता साधारण ५०.६ टक्के, नाणेफेकच म्हणा ना! एवढाच फरक शंभर-शंभर जणांच्या गटांत आढळला असता, तर पी-मूल्य ०.८९ च्या आसपास गेले असते. नमुना वाढला की पी-मूल्य घसरते, ‘डी’ मात्र जागचा फारसा हलत नाही.

कोट्यवधी लोकांवर असा किंचित परिणामही दखलपात्र ठरू शकतो, हे मान्य. पण तो युक्तिवाद वेगळा आहे, आणि लेखात तो नाही. ‘डी’चा आकडाही नाही.

– एक वाचक